ऑफिसचा मेल, स्वतःचा फोन (लेखांक सातवा)

मागच्या लेखांकात पासवर्डची चर्चा झाली. या वेळी पुढची पायरी पाहू. नोकरी नवी असो की जुनी, एक दिवस निरोप येतो : "ऑफिसचा मेल आणि कॅलेंडर तुमच्या फोनवर जोडून घ्या." फोन आपल्या पैशांचा, त्यात मुलांचे फोटो, सातबाऱ्याचे फोटो, बँकेचं ॲप. जोडणीचा पत्ता आणि पासवर्ड भरताना मधे एक पडदा येतो आणि बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात.

धडगावच्या एखाद्या संस्थेतली आरोग्य समन्वयक डोळ्यांपुढे आणा. तिच्या संस्थेचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सेवेवर आहे. अँड्रॉइडच्या मेल ॲपमध्ये ती हे खातं थेट जोडते. फोन विचारतो : Activate device admin app? खाली परवानग्यांची यादी येते. त्यात `Erase all data` दिसलं, तर अर्थ सरळ आहे : ऑफिसातल्या प्रशासकाने ठरवलं तर हा अख्खा फोन दुरून पुसता येईल. फक्त मेल नाही, फोटोही. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये एक्स्चेंज खातं जोडलं, तरी पूर्ण फोन पुसण्याचा हुकूम येऊ शकतो.

हा हुकूम लगेच पोचतोच असं नाही, आणि आपल्या जिल्ह्यात हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. प्रशासकाने बटण दाबलं की हुकूम सर्व्हरवर थांबतो; फोन पुन्हा मेल घ्यायला सर्व्हरशी बोलला की तो लागू होतो. समजा, सोमवारी तिची नोकरी संपली आणि ऑफिसने त्याच दिवशी पुसण्याचा हुकूम सोडला. ती मात्र रेंज नसलेल्या पाड्यावर आहे. तीन दिवस फोन व्यवस्थित चालतो. गुरुवारी ती धडगावला उतरते, रेंज येते, मेल समक्रमित होतो आणि फोन नव्या फोनसारखा कोरा होतो. बॅकअप नसेल तर फोटो परत येत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत : ही परवानगी मागणारी जोडणी वैयक्तिक फोनवर स्वीकारू नये. त्याऐवजी आउटलुक ॲप वापरू द्या म्हणून सांगावं. त्यातल्या पुसण्याच्या हुकुमाने त्या ॲपमधला डेटा जातो, बाकी फोन शाबूत राहतो. ब्राउझरमधून मेल पाहिला तर तेवढंही नको; फक्त सूचना वेळेवर मिळत नाहीत.

मोठ्या संस्था 'वर्क प्रोफाइल' बसवायला सांगतात. अँड्रॉइडमध्ये हे २०१४ पासून आहे. फोनमध्येच ऑफिसचा वेगळा कप्पा तयार होतो. त्यातल्या ॲपवर ब्रीफकेसची खूण दिसते. कप्प्यातलं सगळं ऑफिसचं : तिथली ॲप्स, मेल, फाइली त्यांना पाहता, बंद करता, पुसता येतात. कप्प्याबाहेरचे फोटो आणि वैयक्तिक व्हॉट्सॲप त्यांच्या हाती लागत नाहीत. फोनचं मॉडेल, प्रणालीची आवृत्ती यांसारखी माहिती मात्र जाते, आणि स्क्रीन लॉक किती कडक हवा हेही ते ठरवू शकतात. वैयक्तिक फोनसाठी मला हाच मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो, कारण सीमा डोळ्यांना दिसते.

कॅलेंडरकडे लोक दुर्लक्ष करतात. नवी नोंद करताना ती कोणत्या खात्यात जाते ते पाहा; खात्याचा पत्ता नोंदीच्या पडद्यावरच असतो. "दवाखाना, दुपारी ३" ही नोंद ऑफिसच्या खात्यात गेली, तर संस्थेची मांडणी खुली असल्यास सहकाऱ्यांनाही मजकूर दिसतो. 'खासगी' अशी खूण केली तर ती सहकाऱ्यांपासून लपते, प्रशासकापासून नाही. संपर्क क्रमांकांचंही तसंच. गावातल्या आशाताईंचा नंबर चुकून ऑफिसच्या खात्यात साठवला, तर खातं काढताच तोही फोनमधून जातो. आणि ऑफिसच्या खात्यातला मेल, मग तो घरगुती का असेना, ऑफिसला वाचता येतो.

आधीच जोडणी केली असेल तर सेटिंगच्या शोधपट्टीत `Device admin apps` टाइप करा. तिथे मेल ॲप चालू दिसलं, तर त्याला कोणते अधिकार दिलेत ते उघडून वाचा. आयफोनवर Settings, General, मग VPN & Device Management इथे ऑफिसची प्रोफाइल असल्यास दिसते.

नोकरी सोडताना क्रम असा ठेवा : आधी फोटो आणि नंबरांचा बॅकअप, मग स्वतःचे नंबर वैयक्तिक खात्यात हलवणं, आणि मगच रेंज असताना सेटिंगमधून ऑफिसचं खातं किंवा वर्क प्रोफाइल काढणं. राजीनाम्याच्या चर्चेआधी हे केलेलं बरं. खातं निघालं की नंतर सोडलेला हुकूम या फोनपर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

पुढच्या आठवड्यात : ऑफिसच्या वायफायवर आपण कोणती साइट उघडतो हे कोणाला कळतं.