शून्य, रिकामं आणि टक्के

बचत गटाच्या हिशेबाचं उदाहरण घेऊ. एक्सेलमध्ये B रकान्यात गेल्या वर्षीची विक्री, C मध्ये यंदाची. पापड ४०,००० वरून ४६,००० वर गेले. फरक ६,०००, त्याला गेल्या वर्षीच्या आकड्याने भागलं की वाढ १५ टक्के. इथवर सोपं.

चकली गेल्या वर्षी केलीच नव्हती, यंदा १२,००० ची खपली. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे `#DIV/0!` उमटतं. ते दिसायला वाईट म्हणून बरेच जण `IFERROR` लावून ० टक्के दाखवतात. हे तर उघड खोटं! नव्या मालासमोर ‘नवीन’ लिहावं.

लोणच्याची गत वेगळी. ते विकलं होतं, पण वही भिजली, म्हणून घर रिकामं, यंदाचे १८,०००. मेख अशी की भागताना एक्सेल रिकाम्या घरालाही शून्यच समजतं. म्हणून रिकामेपणा आधी तपासायचा:

```
=IF(OR(B2="",C2=""),"माहिती नाही",IF(B2=0,IF(C2=0,0,"नवीन"),(C2-B2)/B2))
```

सूत्राच्या घराला टक्क्यांचं स्वरूप द्यावं.

खरी फसगत बेरजेत होते. सरसकट बेरीज केली तर ४०,००० चे ७६,००० होतात, म्हणजे वाढ तब्बल ९० टक्के. लोणच्याचा आकडा एकाच वर्षाचा असल्याने बेरजेतून ती ओळ दोन्हीकडून वगळायला हवी. मग यंदाचे ५८,००० उरतात आणि वाढ भरते ४५ टक्के. तक्त्याखाली ‘लोणचे वगळून’ एवढं लिहायला मात्र विसरू नका.