मैत्रिणीचा लांबलचक मेसेज: तक्रार कोणती, सल कोणता?

रोवणीच्या दिवसांत एका रात्री आमच्या जवाहरनगरच्या बचत गटातल्या मैत्रिणीचा भला मोठा मेसेज आला. त्यातलं "तुम्ही साऱ्या आपमतलबी" एवढंच आमच्या डोक्यात राहिलं. तेव्हाच उत्तर दिलं असतं, तर त्या एका वाक्यावरच भांडण पेटलं असतं. म्हणून आम्ही थांबलो.

सकाळी तिचं एकेक वाक्य वहीत वेगळ्या ओळीवर उतरवलं. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारले. हे कधी घडलं? तपासता येतं का? आता दुरुस्त करता येतं का?

तिन्ही उत्तरं मिळाली, ती रास्त तक्रार. "माझ्या पासबुकात दोन महिन्यांची बचत चढवली नाही." गटाच्या वहीत तिचे २०० रुपये होते, पासबुकात नव्हते. चूक आमची. "कर्ज मी आधी मागितलं, दिलं दुसरीला." ठरावाच्या वहीत तिचीच मागणी आधीची निघाली. त्या बैठकीला ती नव्हती, म्हणून तिचं नाव मागे गेलं आणि तिला कोणी कळवलंही नाही. रोवणीच्या मजुरीसाठी तिने बाहेरून व्याजाने पैसे काढले.

"पोरीच्या हळदीला तुमच्यातली एकही आली नाही." ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. खरी आहे, पण आता बदलता येत नाही. हा जुना सल. नवा घाव लागला की तो वर येतो. त्याला कारणं देत बसू नये, "चुकलंच आमचं" एवढं मनापासून म्हणावं.

"साऱ्या आपमतलबी", "माझं नशीबच खोटं" यांत दिवस नाही, मागणी नाही. ही मनातली वाफ. ती खोडून काढू नये, ऐकून घ्यावी. मात्र तिच्या आधीची ओळ पाहावी. इथे ती कर्जाची होती, म्हणजे आग तिथेच होती.

एक ओळ आम्ही कोणत्याच रांगेत ठेवली नाही: "मी मेले तरी कोणाला काय?" रागाच्या भरात रात्री ती आमच्या नजरेतून सुटली, हीच आमची मोठी चूक. अशी ओळ दिसली की सकाळची वाट पाहू नये. लगेच फोन करावा, "जीव द्यायचं मनात येतं का?" असं सरळ विचारावं. धोका वाटला तर तिला एकटं सोडू नये, ११२ ला फोन लावावा.

आम्ही दोघी लगोलग तिच्या घरी गेलो. आधी तेच विचारलं. "नाही गं, जीव कंटाळला होता," ती म्हणाली. मग पासबुक भरलं, कर्जाची चूक कबूल केली, पुढच्या बैठकीत पहिला विषय तिचाच घ्यायचं ठरवलं. शेवटी हळदीचं बोललो. आमची वाटणी बरोबर आहे का, हेही तिलाच विचारलं. ती म्हणाली, "पैसे उशिरा मिळाले असते तरी चाललं असतं. मला कोणी सांगितलं नाही, ते लागलं."

ही ओळ तिच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हती.