काकांचा मेसेज आणि दादाची गाडी

ज्यांना ट्रेनच्या गर्दीत हेडफोन लावायला जमत नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचं लिखित रूप. विषय साधा आहे: घरच्या ग्रुपवरचा लांबलचक मेसेज छोटा कसा करायचा, आणि तो एकाच कामावर कसा संपवायचा. पण सुप्रभातवाला मेसेज नाही घेत आज. पावसाळ्यातला घेतोय.

मी अंबरनाथला राहतो. मोठे काका आणि आजी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, तळमजल्यावर. उल्हास नदी तिथून जवळ. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन तारखा तिकडे कोणालाही विचारा, लोक घरातल्या भिंतीवर हात ठेवून पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवतात. तर एका शुक्रवारी सकाळी पावणेसातला काकांचा मेसेज आला. थोडा बदलून देतोय:

«सर्वांना नमस्कार 🙏 रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लाइट दोनदा गेली. आत्ताच नदीवर बघून आलो, पाणी बरंच वर आलंय. शेजारचे म्हणतात २००५ सारखं होणार, मला तसं वाटत नाही, पण सांगता येत नाही. नगरपालिकेची गाडी फिरून गेली, तयारीत राहा म्हणाले. आई म्हणते मी कुठे जाणार नाही. तिचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे, लाइटचा भरवसा नाही. माझा गुडघा परत धरलाय, तिला जिना चढवून वर नेणं मला एकट्याला जमणार नाही. कोणाला वेळ असेल तर बघा. ताई, तू काल फोन उचलला नाहीस. सगळ्यांनी पाणी भरून ठेवा. काळजी घ्या.»

यावर काय झालं? चार जणांनी हात जोडले. आत्याने फोन चार्जिंगला होता म्हणून सांगितलं. एका चुलत भावाने कुठल्यातरी धरणाचा व्हिडिओ टाकला, तो बहुतेक जुना होता. अर्धा तास गेला आणि घरातून कोणीच निघालं नाही.

काकांना दोष देऊ नका. ते मेसेज लिहीत नव्हते, बोलत होते. बोलताना आपण समोरच्याचा चेहरा बघतो आणि तो विचारतो, «मग मी येऊ का?» ग्रुपवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यात «कोणाला वेळ असेल तर बघा» हे वाक्य तेरा जणांना उद्देशून आहे, म्हणून प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या बारांपैकी कोणीतरी बघेल. शिवाय लांब मेसेज व्हॉट्सअॅप मध्येच कापतं आणि खाली `Read more` देतं. लॉक स्क्रीनवर तर पहिली ओळ-दोन ओळीच दिसतात. काकांच्या पहिल्या ओळीत होता नमस्कार आणि पाऊस.

आता माझी पहिली चूक. कॉम्प्रेशन आम्ही कॉलेजात शिकलो: एक प्रकार असा की काहीच हरवत नाही, दुसऱ्यात थोडं फेकावं लागतं. मेसेज छोटा करणं हा दुसरा प्रकार. काय फेकायचं याचा निर्णय आपला असतो, आणि मी घाईत तो चुकवला. लिहिलं:

«काकांकडे पाणी वाढतंय. आजीला हलवायला हवं. दादा, जमेल का?»

तीन वाक्यं, छान दिसतात. पण इन्सुलिन गेलं. ते गुडघा आणि शेजारी यांच्या मधोमध होतं म्हणून मला ते गप्पांतलंच वाटलं. «जमेल का» ला उत्तर «बघतो» असंही येऊ शकतं. आणि कधीपर्यंत, हेही नाही. पाठवण्याआधी थांबलो, नशीब.

मग काकांना फोन लावला. ही पायरी लोक गाळतात. कारण काकांच्या मेसेजमध्ये एक गोष्ट मुळात नव्हतीच: त्यांना नक्की काय हवंय. जे लिहिलेलंच नाही ते छोटं कसं करणार? मी विचारलं, «काका, आत्ता काय झालं म्हणजे तुम्ही निवांत व्हाल?» ते म्हणाले, «आई पूर्वेला दादाकडे गेली की मी मोकळा.» बस, हेच ते काम. दादाचं घर पूर्वेला, उंचावर, त्याच्याकडे गाडी. माझ्याकडे गाडी नाही आणि लोकलचा भरवसा नव्हता. आजीही फोनवर आली, दादाकडे जायला तयार झाली. तिला शाळेतल्या मदत केंद्रात जायचं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर काकांचं एकेक वाक्य घेऊन एकच प्रश्न विचारला: हे काढलं तर दादा काही वेगळं करेल का? लाइट दोनदा गेली, काढा. २००५, काढा. आत्याचा फोन, काढा. गुडघा? हो, राहू दे, कारण दादाला कळायला हवं की आजीला हात धरून आणायचं काम त्याचं आहे. इन्सुलिन? राहायलाच हवं. पण इन्सुलिन घ्यायला सांगणं म्हणजे दुसरं काम झालं, आणि दोन कामं असली की एक विसरतं. म्हणून ते फोनवरच उरकलं. काकांना सांगितलं, गार पाण्याच्या बाटलीसोबत पिशवीत ठेवा, बर्फावर थेट नको, ते गोठता कामा नये. आता मेसेजमध्ये इन्सुलिन हे काम राहिलं नाही, झालेली गोष्ट झाली.

पाण्याचं काय लिहायचं? बदलापूरला उल्हास नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर धरतात. त्या क्षणाचा अधिकृत आकडा हातात असता तर तो आणि वेळ एवढं पुरलं असतं. माझ्याकडे नव्हता. म्हणून «बरंच वर» च्या जागी काकांनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं.

«शुक्रवार, सकाळी ७:२०. काकांच्या गल्लीच्या टोकाला पाणी आलंय, दारापर्यंतचा रस्ता अजून कोरडा. आजी दादाकडे यायला तयार आहे, इन्सुलिन पिशवीत घेतलंय. काकांचा गुडघा दुखतोय, त्यांना आजीला एकट्याने आणता येणार नाही.
दादा, ८ च्या आत गाडी घेऊन काकांच्या दारात पोहोच.»

वार आणि वेळ आधी का? व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजसोबत मूळ कोणी, किती वाजता लिहिला ते जात नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी होते, आणि दुपारी सगळ्यांना बाहेर काढून झालं. त्या दिवशी कोणी सकाळी «आत्ता गाडीत अडकलोय» एवढंच लिहिलं असतं, तर तो मेसेज रात्री नऊलाही तितकाच ताजा वाटला असता.

आणि ८ च्या आत का? उड्डाणपुलावर गर्दी होते, आणि पाणी गल्लीच्या टोकाशी होतं. «लवकर» लिहिलं असतं तर दादाने आधी अंघोळ केली असती. त्याला मी ओळखतो.

राहिला मान. काकांचा मेसेज मी काढायला लावला नाही, «काका म्हणायचंय काय तर» असंही लिहिलं नाही. फोनवरच विचारलं, «तुमच्या वतीने टाकू का?» ते हो म्हणाले. पाणी भरून ठेवा, गाड्या वर घ्या, हे त्यांचे सल्ले चांगलेच होते. ते नंतर वेगळ्या मेसेजमध्ये गेले.

७:२३ ला दादाचं उत्तर आलं: «निघालो.» ७:५० ला आजी गाडीत बसली. साडेआठला काकांनी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. वाचायला `Read more` दाबावं लागलं. आजीने वाटेत काय काय सांगितलं, ते सगळं त्यात होतं.