पांढरे पडलेले सोले टाकून द्यावेत का?

डिसेंबर-जानेवारीत अमरावती-अकोल्याच्या बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. शेंगा सोलून दाणे, म्हणजे सोले, फ्रीजरमध्ये ठेवले की उन्हाळ्यातही सोले-वांग्याची भाजी होते. पण एप्रिलमध्ये पिशवी उघडली की दाणे सुरकुतलेले, पांढुरके, वर बर्फाचा भुगा आणि हिरवा रंग उतरलेला दिसतो. ‘खराब झाले’ म्हणून ते कचऱ्यात जातात. बहुतेक वेळा विनाकारण.

पांढुरके डाग ही बुरशी नव्हे. पिशवीत हवा राहिली की दाण्यातला बर्फ वितळल्याशिवायच वाफ होऊन उडतो आणि तो भाग कोरडा पडतो. यालाच फ्रीजर बर्न म्हणतात. उडालेली वाफ पिशवीच्या आत पुन्हा गोठते; तोच तो भुगा. अशा दाण्याची चव फिकी आणि साल चिवट होते, पण तो खाण्यास धोक्याचा नसतो. भुगा झटकून, दाणे न वितळवता थेट उकळत्या रश्श्यात टाकावेत. रस्सा कोरडेपणा बराच झाकतो. परतून सुकी भाजी केली तर तो दाताला जाणवतो.

रंगाचे कारण वेगळे आहे. दाण्यातली विकरे थंडीत मंदावतात, थांबत नाहीत. कच्चेच गोठवलेले सोले म्हणूनच काही आठवड्यांत पिवळट पडतात आणि त्यांना वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो. उकळत्या पाण्यात साधारण दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात गार केले, नीट निथळले आणि हवा काढून पिशवी बंद केली, तर उणे १८ अंशांवर ते आठ-दहा महिने चांगले राहतात. रंग उतरलेले सोलेही खाता येतात, फक्त गोडवा गेलेला असतो.

चिखलदऱ्याच्या स्ट्रॉबेरीचेही तसेच. घरच्या फ्रीजरमध्ये फळ सावकाश गोठते, बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशी फाटतात. वितळल्यावर ती लगदा होते. जॅमला उत्तम, नुसती खायला नाही.

खरा धोकादायक गैरसमज उलटा आहे: गोठवले म्हणजे जंतू मेले. ते मरत नाहीत, थांबतात. युरोपात २०१५ ते २०१८ दरम्यान गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरियाची लागण पसरली आणि नऊ जण दगावले. म्हणून गोठवलेली भाजी शिजवूनच खावी.

वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर असताना वीज तासन् तास गेली, तर हे जंतू जागे होतात. सुटे गोठवलेले दाणे एका गोळ्यात चिकटलेले दिसले, तर ते मध्ये वितळले होते. किती वेळ, हे दिसण्यावरून कळत नाही. त्यासाठी वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. बाहेरून परतल्यावर नाणे तळाशी गोठलेले आढळले, तर पाणी पूर्ण वितळून पुन्हा गोठले आहे. मग दाणे हिरवेगार असले, तरी ते टाकून द्यावेत. नाणे वरच असेल, तर पांढुरके सोलेही रश्श्यात जाऊ द्यावेत.