हॅम्बर्गचा रेट काय?

कोल्हापुरी चपला पहिल्यांदाच युरोपात पाठवणारा निर्यातदार शिपिंग एजंटला बहुधा एवढंच विचारतो, "हॅम्बर्गचा रेट काय?" एजंटही लगेच एक आकडा पाठवून मोकळा होतो. त्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, हे दोघांनीही बोललेलं नसतं. पुढे माल बंदरात पोचला की न बोललेल्या गोष्टी एकेक करून बिलात उतरतात.

समजा, जर्मनीतल्या एका दुकानदाराला २,४०० जोड पाठवायचे आहेत. एका खोक्यात २० जोड, म्हणजे १२० खोकी. प्रत्येक खोकं ६० × ४० × ४० सेंटिमीटरचं आणि वजन १४ किलो. एवढ्या मालाने कंटेनर भरत नाही. त्यामुळे तो 'एलसीएल' पद्धतीने जाईल, म्हणजे इतर निर्यातदारांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये. एलसीएलमध्ये भाडं लागतं ते घनमीटरवर किंवा टनावर, दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्यावर. एक घनमीटर म्हणजे एजंटच्या भाषेत एक सीबीएम, आणि तो एका टनाबरोबर धरला जातो. चपला हलक्या असतात आणि जागा फार खातात. आपला माल १,६८० किलो, म्हणजे पावणेदोन टनही नाही. पण खोक्यांच्या मापाने ११.५२ सीबीएम. भाडं अर्थातच सीबीएमवर.

बहुतेक जण हा ११.५२ चा आकडा कळवतात आणि इथेच पहिली चूक होते. कारण माल जाणार असतो पॅलेटवर. १.२ × १ मीटरच्या पॅलेटवर अशी पाच खोकी एका थरात बरोबर बसतात. चार थर रचले की पॅलेटच्या १५ सेंटिमीटरसह उंची होते १.७५ मीटर. एक पॅलेट २.१ सीबीएम, सहा पॅलेट १२.६ सीबीएम. न्हावा शेवाजवळच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, म्हणजे सीएफएसमध्ये, माल उतरला की त्याचं पुन्हा माप घेतलं जातं आणि बिल त्याच मापावर निघतं. एका सीबीएमहून जास्त फरक पडला म्हणून एजंटशी भांडण्यात अर्थ नसतो. खोकी पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटं जरी आली, तरी माप तिथपर्यंत धरतात. पॅलेटवर दुसरा माल ठेवलेला चालणार नसेल, तर वरच्या रिकाम्या जागेचेही पैसे लागू शकतात, म्हणून तेही आधीच सांगायचं. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का मात्र हवाच. तो नसेल तर युरोपात माल अडतो.

साडेबारा सीबीएम ही तशी सीमारेषेवरची भरती. वीस फुटी कंटेनरमध्ये सुट्या खोक्यांचा पंचवीसेक सीबीएम माल सहज बसतो आणि त्याचं भाडं पूर्ण कंटेनरमागे ठरतं. अर्धा कंटेनर रिकामा पाठवणं वेडेपणाचं वाटतं खरं, पण काही महिन्यांत तो एलसीएलपेक्षा स्वस्तही पडतो. शिवाय तुमच्या चामड्याशेजारी कुणाचं ओलं किंवा उग्र वासाचं सामान येत नाही. तेव्हा कोटेशन दोन्ही पद्धतींचं मागवावं. एजंट आपणहून बहुधा देत नाही.

आता पैशांचा खरा गुंता. सौदा सीआयएफ हॅम्बर्ग असेल, तर हॅम्बर्गपर्यंतचं जहाजभाडं आणि विमा निर्यातदाराचा. तिथे माल उतरल्यानंतरचे स्थानिक खर्च सहसा खरेदीदाराचे. (एफओबी असता तर जहाजभाडंही त्याचंच आणि एजंटही त्यानेच नेमलेला.) या फटीचा फायदा घेऊन एलसीएलच्या धंद्यात एक खेळ चालतो. इथे भाडं शून्य सांगायचं, कधी कधी तर शून्याच्याही खाली, आणि वसुली पलीकडच्या बंदरात करायची.

समजण्यापुरते आकडे घेऊ. पहिला एजंट म्हणतो, जहाजभाडं शून्य. दुसरा म्हणतो, सीबीएममागे ३५ डॉलर, म्हणजे १२.६ सीबीएमचे ४४१ डॉलर. निर्यातदार खुशीत पहिल्याला काम देतो. पण पहिल्याचे हॅम्बर्गमधले खर्च सीबीएममागे ९५ युरो आहेत, दुसऱ्याचे ४५. दुकानदाराच्या हातात ५६७ ऐवजी १,१९७ युरोंचं बिल पडतं. तुमचे ४४१ डॉलर वाचले, त्याचे ६३० युरो जास्त गेले आणि पुढची ऑर्डर येईल की नाही याची शाश्वती राहिली नाही. म्हणून पलीकडच्या खर्चाचा तक्ता कोटेशनबरोबरच लेखी मागायचा, आणि तो खरेदीदाराला दाखवून घ्यायचा. एजंट 'तिकडचं तिकडे, टॅरिफप्रमाणे' म्हणू लागला, तर समजायचं की रेट कमी का आहे.

तारखांच्या बाबतीत निर्यातदार 'महिनाअखेरीस' म्हणतो आणि एजंटला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवी असते माल तयार होऊन गाडीत भरण्याची तारीख. त्यावरून तो सीएफएसची कटऑफ धरतो, म्हणजे कार्टिंग करून माल आत घ्यायचा शेवटचा दिवस. जहाज सुटण्याच्या काही दिवस आधीच ही वेळ संपते. ती चुकली की माल पुढच्या जहाजाची वाट पाहत गोदामात पडतो. व्यवहार बँकेच्या एल/सीवर असेल, तर त्यातली माल चढवण्याची शेवटची तारीख एजंटला कळवलीच पाहिजे. बँक बघते ती बी/एलवरची माल जहाजावर चढल्याची तारीख, तुमची गाडी कोल्हापुरातून कधी निघाली ते नाही.

प्रवासाचे दिवस विचारताना मार्गही विचारायचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपवरून वळवली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. बंद कंटेनरमध्ये चामडं तेवढे दिवस जास्त राहिलं की बुरशीचा धोका वाढतो. ओलावा शोषणाऱ्या पुड्या किती घालायच्या, हे त्यावरूनच ठरवावं लागतं.

हे सगळं एका छोट्या ईमेलमध्ये बसतं. साधारण असं:

"विषय: न्हावा शेवा ते हॅम्बर्ग, १२.६ सीबीएम, माल १० नोव्हेंबरला तयार.

महोदय, चामड्याच्या चपला, एचएस कोड ६४०३२०. १२० खोकी, सहा पॅलेट, प्रत्येकी १.२ × १ × १.७५ मीटर, एकूण वजन पॅलेटसह १,८०० किलो. पॅलेटवर दुसरा माल ठेवू नये. धोकादायक माल नाही. सौदा सीआयएफ हॅम्बर्ग. माल कोल्हापूरहून आम्ही सीएफएसला पोचवू. एल/सीप्रमाणे माल चढवण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर. एलसीएल आणि वीस फुटी कंटेनर, दोन्हींचे रेट द्यावेत. जहाजभाडं, इथले खर्च आणि हॅम्बर्गचे खर्च वेगवेगळे दाखवावेत. जीएसटी धरला आहे का आणि डॉलरचा कोणता दर लावणार, तेही लिहावं. १० ते ३० नोव्हेंबरमधली जहाजं, त्यांच्या कटऑफ, मार्ग आणि पोचण्याच्या तारखा कळवाव्यात. रेटची मुदत बुकिंगच्या तारखेला लागू की जहाज सुटण्याच्या, हे स्पष्ट करावं."

शेवटचं वाक्य उगाच घातलेलं नाही. 'रेट १५ तारखेपर्यंत लागू' असं लिहिलेलं असतं, तुम्ही १२ ला बुकिंग करता, जहाज सुटतं १८ ला आणि बिल येतं नव्या रेटने. जहाज कंपन्या भाडेवाढ बहुधा १ आणि १५ तारखेलाच करतात, त्यामुळे या तारखांच्या आसपास सुटणाऱ्या जहाजासाठी मुदत लेखी असलेली बरी. तीन एजंटांना हाच ईमेल शब्दही न बदलता पाठवला, तर उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचता येतात. ज्या रकान्यापुढे आकड्याऐवजी 'ॲट ॲक्च्युअल' लिहिलेलं दिसेल, तिथे फोन करून आकडा मागायचा आणि तो ईमेलवर यायची वाट बघायची.