‘अध्यक्ष महाशय’नंतरची तीन वाक्यं

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला आठवडा उरला होता. माझ्या वर्गातली अकरावीची एक मुलगी समोर उभी राहिली, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ एवढं म्हणाली आणि थांबली. पुढचं तिला येत नव्हतं असं नाही. बाकावर बसवलं की सगळं भाषण ती घडाघडा म्हणायची. उभं राहिलं की घशाला कोरड पडायची, गुडघे लटपटायचे आणि पाठ केलेली सातशे शब्दांची माळ पहिल्याच मण्यापाशी तुटायची.

तिच्या मैत्रिणीने मला गळ घातली, “मॅडम, हिने रोज काय करायचं ते फोनवर एकेक पान करून द्या ना. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनाच लागेल.” इन्स्टाग्रामवर बोटाने सरकवत बघायची चित्रमालिका असते, मुलं तिला कॅरोसेल म्हणतात. आम्ही तशी मालिका केली. एक मुखपृष्ठ आणि पाच पानं, प्रत्येक पानावर सरावाची एकच रीत. एका पोस्टमध्ये वीस चित्रं मावतात, म्हणून मुलांनी आधी वीस युक्त्या गोळा केल्या होत्या. त्यातल्या पंधरा मी काढायला लावल्या. वीस पानं माणूस वाचून काढतो. पाच पानं पाच दिवसांत करून बघतो. शब्दही पानामागे पंचवीसच्या आसपास ठेवले, कारण छोट्या पडद्यावर अक्षर बारीक झालं की जोडाक्षरांचा गिचमिडा होतो. मुखपृष्ठावर लिहिलं: ‘रोज एक पान. कृती झाल्याशिवाय पुढचं पान सरकवू नका.’

पानं ठरवताना मला एकच गोष्ट धरून ठेवायची होती. आपल्याकडे भाषणाची तयारी म्हणजे पाठांतर, आणि पाठांतर चालतं बसून, एकट्याने, शांत खोलीत. भीती येते ती उभं राहिल्यावर, लोकांसमोर, छाती धडधडत असताना. ज्या अवस्थेत बोलायचं आहे तिचा सरावच होत नाही. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 साली माणसावर हमखास ताण आणणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग चेहऱ्यावरची रेषही न हलवणाऱ्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि नंतर पाच मिनिटं तोंडी गणित. एवढ्याने बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. गणित वगळलं तर ही थेट आपली वक्तृत्व स्पर्धाच आहे. अशा ताणात पाठ केलेलं आठवणंही अवघड जातं. त्यामुळे त्या मुलीचं ततपप होणं हा तिच्या हुशारीतला उणेपणा नव्हता, हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं.

पहिलं पान असं होतं: ‘कागद उलटा ठेवा. उभे राहा. फक्त पाच शब्द बघून भाषण आपल्या शब्दांत सांगा. तीनदा. दर वेळी वाक्यं बदलली तर बरोबर चाललंय.’

तिचा विषय होता ‘पाणी: उद्याचे संकट’. सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत सातशे शब्द मावणारच नाहीत. आधी आम्ही पाचशेवर आलो. मग भाषणाचे पाच टप्पे करून प्रत्येकाला डोळ्यांपुढे उभा राहील असा एक शब्द दिला: हंडा, टँकर, बोअर, शोषखड्डा, आजी. ‘जलसंधारण’ असा शब्द तिने सुचवला होता, तो मी बदलायला लावला. घाबरलेल्या मनाला जलसंधारण दिसत नाही, हंडा दिसतो.

पहिल्या खेपेला ती दोन मिनिटांत संपली आणि रडवेली झाली. दुसऱ्या खेपेला टँकरवर जरा रेंगाळली. तिसऱ्या खेपेला तिच्या गावात टँकर आल्यावर उडणारी झुंबड तिने अशी सांगितली, की लिहिलेल्या भाषणात तसलं काही नव्हतंच. कागद पुन्हा पुन्हा वाचल्याने येतंय असं वाटतं, पण टिकतं ते आठवून आठवून सांगितलेलं; रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगातून हे दाखवलं. हातात कागद असला म्हणजे निभावतं, असंही नाही. तरुण गांधीजींनी लंडनला शिकत असताना व्हेंटनर इथल्या शाकाहारींच्या सभेसाठी भाषण लिहून नेलं होतं, जेमतेम एक फुलस्केप पान. उभं राहिल्यावर त्यांना तेही वाचता आलं नाही, सोबतच्या माणसाने वाचून दाखवलं. आत्मकथेत त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे.

दुसरं पान छोटं होतं: ‘दोन मजले जिना चढून या. धाप लागलेली असतानाच पहिली तीन वाक्यं म्हणा. आधी श्वास पूर्ण सोडा, मग सुरुवात.’ दमा असलेल्यांनी जिना न चढता जागच्या जागी जमेल तेवढंच चालावं, ही ओळ खाली ठळक छापली. बोलताना हृदयाचे ठोके साधारणपणे सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतात आणि बोलत राहिलं की उतरत जातात. म्हणजे खरी लढाई पहिल्या मिनिटाची. संबोधनानंतरची तीन वाक्यं तेवढी शब्दशः पाठ हवीत, बाकी भाषण पाच शब्दांच्या आधारे. धडधड चालू असतानाही तोंडातून वाक्य निघतं, हे शरीराने एकदा अनुभवलं की स्पर्धेच्या दिवशीची धडधड परकी राहत नाही. श्वास सोडण्याचं कारण अगदी साधं आहे. घाबरलेला माणूस छातीत हवा भरून धरतो आणि त्यावरच बोलायला लागतो, म्हणून आवाज चिरका निघतो.

तिसऱ्या पानावर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. ‘मैत्रिणीला सांगा, कुठेही टाळी वाजव. टाळी वाजली की थांबा. मनात दोन आकडे मोजा. पुढचा शब्द आठवून तिथून चालू करा. मागे जाऊ नका.’

मुलांना भीती विसरण्याची असते, आणि विसरल्यावर काय करायचं याचा सराव मात्र कुणी करत नाही. सगळा सराव न विसरण्याचा. मग प्रत्यक्षात गाडी अडली की मूल मागे पळतं, पुन्हा पहिल्यापासून म्हणू बघतं, तिथेच पुन्हा अडतं आणि खाली उतरतं. आम्ही वर्गात हे ठरवून केलं. पहिल्या टाळीला ती दचकली, ‘सॉरी’ म्हणाली आणि हंड्यापासून सुरू करू लागली. मैत्रिणीने मान हलवली. दुसऱ्या टाळीला ती थांबली, दोन मोजले, ‘बोअर’ म्हणत पुढे गेली. टँकरचं अर्धं सांगायचं राहिलं होतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. हे तिला आम्ही लगेच सांगितलं, कारण त्या क्षणी ते ऐकणं फार गरजेचं होतं. पाच टाळ्यांनंतर तिचं ‘सॉरी’ बंद झालं. तेच या पानाचं मोजमाप: माफी न मागता पुढचा शब्द आला की पान सरकवा. बोलणाऱ्याला दोन आकड्यांची शांतता युगासारखी वाटते. ऐकणाऱ्याला तो मुद्दा संपल्यावरचा साधा विसावा वाटतो.

चौथं पान म्हणजे शिडी. आधी रिकामा वर्ग, मग एक मैत्रीण, मग तिघं, मग दहा जण आणि जमलं तर तेच सभागृह. मुलं आरशासमोर सराव करून एकदम सभागृहात उडी मारतात आणि मधल्या पायऱ्या राहून जातात. आरसा मी पानावर घेतलाच नाही. आरशात माणूस स्वतःला न्याहाळायला शिकतो, आणि व्यासपीठावर नेमकं तेच विसरायचं असतं. एका पायरीवर दोन-तीनदा बोलून भीती पहिल्यापेक्षा ओसरली, की पुढची पायरी. ओसरली नसेल तर तिथेच आणखी एकदा. खाली उतरायचं नाही. दहा जणांच्या पायरीला आम्ही चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटाही वाजवली. ऐकणाऱ्यांपैकी एकाला घड्याळाकडे बघायला सांगितलं, एकाला अजिबात न हसायला. तिला हे आधी सांगितलेलं होतं, तरी पहिल्यांदा ती त्या न हसणाऱ्या मुलाकडेच बघत राहिली. मग तिने आपणहून डावीकडच्या मैत्रिणीला शोधलं आणि हंड्याचं वाक्य तिला सांगितलं.

पाचव्या पानावर मोबाइलचं चित्रण होतं, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा. ‘भाषण चित्रित करा. बघण्याआधी लिहा: माझा थरकाप दहापैकी किती दिसला असेल? मग अनोळखी मुलीचं भाषण बघतोय असं समजून बघा आणि पुन्हा गुण द्या.’ तिने आधी नऊ लिहिले आणि बघितल्यावर चार. आत चाललेली घालमेल बाहेरच्यांना स्पष्ट दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, पण ती तितकी दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच यांच्या 2003 मधल्या अभ्यासात ज्यांना हे आधीच समजावून सांगितलं, त्यांची भाषणंही जास्त चांगली वठली. आधी आकडा लिहिला नाही तर हेच पान उलटतं. मूल स्वतःच्या चुका मोजत बसतं आणि होतं त्यापेक्षा जास्त घाबरतं. असं झालं तर चित्रण पुसून टाकावं आणि चौथ्या पानावर परत जावं.

मालिकेच्या खाली मजकुरात आम्ही आणखी एक गोष्ट घातली. भाषण महिनाभर लांब असतानाही झोप उडते, वर्गात नाव पुकारतील म्हणून मूल कॉलेजला यायचं टाळतं, उलट्या होतात, असं असेल तर ते सरावाने सुटणारं नाही. अशा मुलाला शिडीवर ढकलू नये. आधी कॉलेजच्या समुपदेशकांशी बोलावं, किंवा ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करावा.

स्पर्धेच्या दिवशी तिचा क्रमांक सातवा होता. संबोधन झालं, तिने श्वास सोडला आणि तीन वाक्यं व्यवस्थित आली. टँकरच्या मध्यावर ती थांबली. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला. एक, दोन. “आमच्याकडे आता घरटी बोअर आहे,” ती म्हणाली, आणि परीक्षकांपैकी एकाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. इशाऱ्याची घंटा झाली तेव्हा ती आजीपर्यंत पोहोचलेली होती.