लोणारचा परिच्छेद लहान करताना

नववीच्या वहीत लोणारवरचा निबंध साधारण असा सुरू होतो:

‘आपल्या महाराष्ट्र राज्यातील बुलढाणा जिल्ह्यामध्ये असलेले लोणार सरोवर हे एक अतिशय सुंदर, निसर्गरम्य आणि मनाला मोहून टाकणारे असे सरोवर असून ते फार फार पूर्वीच्या काळी अवकाशातून आलेली उल्का बेसॉल्ट या खडकावर येऊन आदळल्यामुळे जो खड्डा निर्माण झाला, की ज्या खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर इतका आहे, त्यामध्ये तयार झालेले आहे आणि या सरोवराचे पाणी हे खारट असण्याबरोबरच क्षारधर्मीही असल्याचे दिसून येते, तसेच २०२० सालच्या जून महिन्यात पाण्याचा रंग गुलाबी झाला तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याची तपासणी करण्याचे काम केले असता खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे त्यांना आढळून आले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा देण्यात आला.’

माहिती सगळी बरोबर आहे, पण पूर्णविराम एकच. शाळेतल्या सारांशलेखनात उतारा एक तृतीयांश करायचा असतो आणि त्यात काही तपशील सोडावेच लागतात. इथे एकही सोडायचा नाही. म्हणून लांबी आधी ठरवता येत नाही; माहिती जेवढी जागा मागेल तेवढी द्यायची.

पहिल्यांदा कात्री नव्हे, पेन्सिल घ्यावी. ठिकाण, उल्का, खडक, व्यास, पाण्याचे गुण, रंग, तपासणारे, कारण, दर्जा आणि तारखा, या सगळ्यांखाली रेघ मारावी. ‘आदळल्यामुळे’मधल्या ‘मुळे’खाली आणि ‘सुमारे’खालीही मारावी, कारण कार्यकारण आणि अंदाज हीसुद्धा माहितीच आहे. रेघ न पडलेले शब्द बहुतेक क्रियापदांभोवती सापडतात. ‘असल्याचे दिसून येते’ म्हणजे ‘आहे’. ‘तपासणी करण्याचे काम केले’ म्हणजे ‘तपासले’. ‘जो खड्डा, की ज्या खड्ड्याचा’ या वळणाऐवजी ‘१.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा’ पुरतो. तीन विशेषणे एकच गोष्ट सांगतात, त्यांतले ‘निसर्गरम्य’ ठेवावे. ते मुलाचे मत आहे आणि मत पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरी अडचण वाक्य तोडताना येते. ‘उल्का आदळली. खड्डा पडला. सरोवर आहे.’ असे लिहिले तर वाक्ये छोटी होतात, पण कशामुळे काय झाले ते नाहीसे होते. म्हणून उल्का, खड्डा आणि सरोवर एकाच वाक्यात राहू द्यावे, मग ते वाक्य थोडे लांब झाले तरी चालेल. दुसरा धोका सर्वनामाचा. मराठीत ‘सरोवर’ही नपुंसकलिंगी आणि ‘पाणी’ही. ‘ते गुलाबी झाले’ म्हटले की ‘ते’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला शोधत बसावे लागते. तिथे ‘पाण्याचा रंग’ हे शब्द पुन्हा लिहावेत. एक शब्द वाढतो, पण तो वाचवण्यात काही अर्थ नाही.

मग परिच्छेद असा होतो:

‘निसर्गरम्य लोणार सरोवर महाराष्ट्रातल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. फार पूर्वी बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला आणि त्यात हे सरोवर तयार झाले. त्याचे पाणी खारट आहे आणि क्षारधर्मीही. जून २०२० मध्ये पाण्याचा रंग गुलाबी झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाणी तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे त्यांना आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.’

एका वाक्याची सहा झाली आणि बराच शब्दभार गेला. ‘अवकाशातून आलेली’ गाळले, कारण उल्का तिथूनच येते. मात्र ‘खारट’ आणि ‘क्षारधर्मी’ हे एकच समजून त्यातला एक शब्द उडवण्याचा मोह आवरावा. खारटपणा मिठाचा, क्षारधर्मी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे. समुद्राचे पाणी खूप खारट असते, पण क्षारधर्मी जेमतेमच. लोणारमध्ये दोन्ही गुण ठळक आहेत.

तपासणी दोन बाजूंनी करावी. मूळ परिच्छेदावर प्रश्न काढावेत आणि मूळ न वाचलेल्या एखाद्याला नव्यावरून उत्तरे द्यायला सांगावे. रंग कशामुळे आला? ते कोणाला आढळले? व्यास नेमका की अंदाजे? उत्तर अडले तर ती माहिती वाटेत सांडली आहे. मग उलट जावे: नव्यातले प्रत्येक विधान मुळात आहे का? हा भाग शिक्षकही विसरतात. घाईत कोणी ‘पाणी गुलाबी झाल्याने सरोवराला रामसर दर्जा मिळाला’ असे लिहिले, तर वाक्य सुटसुटीत वाटते, पण मुळात या दोन घटना एका वर्षातल्या एवढेच म्हटले आहे. इथे माहिती गळालेली नाही, नसलेली शिरली आहे, आणि प्रश्नोत्तरांच्या पहिल्या फेरीत ती कधीच सापडली नसती.